टाकीचा रंग

‘यंत्र खोटे बोलत नाही. सौसरहून निघताना जीपचा पेट्रोलचा काटा पाऊण टाकीवर होता. पांढुर्ण्यात पोहोचताना तो शून्यावर होता. मधले पेट्रोल चालक गुणवंता गजभिये याने वाटेत विकले, हे सिद्ध आहे.’

पांढुर्ण्याच्या संत्रा बागायतदार सहकारी संघाचे व्यवस्थापक केशवराव ढोले यांनी काढलेल्या नोटिशीतला हा उतारा. त्यातले एकच वाक्य निर्विवाद आहे: काटा शून्यावर होता. बाकीचा इमला त्या शून्यावर उभा आहे. पेट्रोल कोणी विकत घेतले, हे नोटिशीत नाही. कशात काढून घेतले, तेही नाही. पण त्याच नोटिशीच्या खालच्या परिच्छेदात, गुणवंताला कामावरून कमी का करावे याच्या कारणांत, एक कारण असे आहे की ‘सदर प्रकारानंतरही तो निर्लज्जपणे जीप घेऊन मोहगावला जाऊन आला.’ वाटेत पेट्रोल भरल्याची नोंद नाही. रिकाम्या टाकीवर मोहगावची फेरी होत असेल, तर केशवरावांनी चोरी नव्हे, चमत्कार पकडला होता. त्यांना या दोहोंतला फरक जाणवला नाही. नोटिशीच्या शेवटी मात्र ते अगदी स्पष्ट होते: चालकाच्या जागी ‘विश्वासू माणूस’ नेमावा. विश्वासू माणूस म्हणजे त्यांचा भाचा सुधाकर, हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

नोटीस लागल्यापासून गुणवंताचे पांढुर्ण्यात फिरणे अवघड झाले होते. पेट्रोल पंपावरचा दिलीप त्याला पाहताच हाक मारायचा, “का गुणवंता, आमच्यापेक्षा स्वस्त देऊन राहिला म्हणे?” पंपावरचे सगळे हसायचे. गुणवंताही हसायचा, आणि घरी गेल्यावर जेवायचा नाही. त्याची बायको कुसुम पान वाढून बसायची. संघाची बैठक उद्यावर आली होती. तीत नोटीस मंजूर झाली, की तालुक्यात दुसरी कुठलीही जीप त्याच्या हाती कोणी देणार नव्हते.

पेट्रोल मोजण्याची गुणवंताची रीत निराळी होती. काट्याकडे तो फारसा पाहत नसे. वाळलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक सरळ, सोललेली काडी तो सीटखाली ठेवायचा. टाकीत बुडवायची, बाहेर काढायची, ओल कुठवर आली ते पाहायचे. काडीवर त्याने चाकूने खाचा पाडल्या होत्या. ही काडी त्याने केशवरावांपुढे ठेवली होती. ते म्हणाले, आरोपीच्या हातची काडी हा पुरावा होत नाही.

“मंग काट्याले कोनं धरून आनलं साक्षीले?” असे विचारले ते मोहगावच्या पंचफुलाबाईंनी. त्या संघाच्या कार्यकारिणीवर होत्या, नवरा गेल्यापासून संत्र्याची बाग स्वतः सांभाळत होत्या, आणि बैठकीत बायकांनी गप्प बसावे हा संकेत त्यांनी पहिल्याच वर्षी मोडीत काढला होता. बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळीच त्या पांढुर्ण्याला आल्या आणि नोटीस लागल्यापासून जागची न हललेल्या जीपपाशी थेट जाऊन उभ्या राहिल्या.

“केशवराव, काटा किती दाखवून राहिला?”

“शून्य. या, पाहा.”

“मंजे टाकी खाली.”

“खालीच. दोन-तीन मैल ओढेल फार तर.”

“मंग चाला. एक थेंब टाकाचा नाही. गाडी जथं बंद पडन तथं म्या मान्य करीन का गुणवंतानं पेट्रोल इकलं. अन् सौसरपर्यंत गेली, तर मंग आपुन दुसऱ्याले इचारू.”

केशवराव हसले. यंत्रावर निष्ठा असलेल्या माणसाने प्रयोगाला नकार देणे शोभले नसते. ते पुढच्या सीटवर बसले. पंचफुलाबाई पदर खोचून मागे चढल्या. गुणवंताने गाडी सुरू केली.

गाव मागे पडले. काटा शून्यावर. संत्र्याच्या बागा लागल्या. काटा शून्यावर. केशवराव दर वळणावर कान टवकारत होते, इंजिनाने आचका द्यावा म्हणून. इंजिन मात्र सोयरिकीला निघाल्यासारखे आनंदात होते.

“आता बंद पडते,” केशवराव म्हणाले.

“पडू द्या जी,” गुणवंता म्हणाला.

“तू हळू चालवून राहिला. पेट्रोल वाचवून राहिला.”

“जोरात चालवतो मंग.” त्याने जोरात चालवली.

रस्ता एका ठिकाणी नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे पावसाळ्यात पाणी वरून जाणाऱ्या बुटक्या फरशीवर, उतरत होता. पावसाने तिथे खड्डे पाडले होते. जीप दणादण आदळली, पंचफुलाबाईंचे डोके छताच्या कापडाला लागले, आणि नाला ओलांडून चढावर आल्यावर केशवरावांच्या लक्षात आले की काटा हलतो आहे. या जीपचा काटा तापून वाकणाऱ्या पट्टीवर चालणारा होता, त्यामुळे तो कधी झटका देत नसे. भरल्या जेवणानंतर उठणाऱ्या माणसासारखा तो सावकाश उठला आणि अर्ध्याच्या किंचित खाली स्थिरावला.

पंचफुलाबाई पुढे वाकल्या आणि काटा नीट पाहून घेतला.

“केशवराव,” त्या म्हणाल्या, “हे पेट्रोल कोनं टाकलं जी? जामसांवलीच्या मारोतीनं?”

“तो… टाकीत हेंदकाळते ना पेट्रोल. त्यानं होते.”

“हेंदकाळून शून्याचं अर्धं होते? मंग माह्या डब्यातलं तेल काहून नाही होत, बाप्पा?”

जामसांवलीच्या फाट्यापर्यंत काटा अर्ध्यावर होता. पुढे एका खड्ड्यानंतर तो पुन्हा सावकाश खाली निजला. गाडी चालूच होती. बोरगाव गेले. सौसर आले. इंजिन आनंदात होते.

सौसरला पुंडलिकरावांचे गाड्यांच्या विजेचे दुकान होते. हे गृहस्थ बोलण्यात कोणाला हार जाणारे नव्हते, आणि या प्रकरणात त्यांचाही वाटा होता: दसऱ्यानंतर काटा खाली-वर होऊ लागला तेव्हा त्यांनीच ‘मीटर गेलं’ असे सांगून जीपचा मीटरचा अख्खा डबा बदलला होता. काटा होता तसाच वागत राहिला. यातून दुसरा कोणी असा निष्कर्ष काढला असता की दोष मीटरमध्ये नाही. केशवरावांनी असा काढला की मीटर आता नवे आहे, म्हणजे काटा खराच बोलतो, म्हणजे गुणवंता चोर. तर्कशास्त्राच्या इतिहासात अशा उड्या थोड्या आहेत.

“माह्यं चुकलं असन,” पुंडलिकराव बेफिकिरीने म्हणाले. “डाक्टरचं नाही चुकत का? सीट उचला.”

या जीपची टाकी चालकाच्या सीटखालीच असते. सीट उचलताच ती दिसली: हिरवीगार, चकचकीत, देव्हाऱ्यात ठेवावी अशी. टाकीच्या माथ्यावर एक गोल झाकण होते. त्याखाली आत तरंगणारा डबा आणि त्याच्या दांडीला जोडलेली तारेची गुंडाळी असते. पेट्रोल खाली-वर झाले की दांडी गुंडाळीवर सरकते आणि काट्याला किती वीज मिळायची ते ठरते. झाकणातून एक तार मीटरकडे जात होती.

“चाबी चालू करा.” पुंडलिकरावांनी ती तार टाकीवरून काढली. काटा शून्यावर. मग तारेचे टोक त्यांनी गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवले. काटा सावकाश चढत थेट ‘भरलेली’वर गेला.

“झालं!” केशवराव म्हणाले. “टाकी भरली!”

“टाकी नाही भरली, केशवराव, डोकं खाली हाय,” पुंडलिकराव म्हणाले. “याचा अर्थ मीटर चांगलं, तार चांगली. मीटरमागं एक डबी असते, दोन्ही काट्यांले सारखी वीज देते. ते गेली असती तर इंजिनच्या गरम पान्याचा काटाबी बिघडला असता. तो पाहा, नीट हाय. मंग भानगड टाकीत नाहीतर टाकीच्या अर्थिंगमधी. वीज झाकनातून टाकीत येते, टाकीतून गाडीच्या अंगात जाते, तवा फेरा पुरा होते. फेरा तुटला का काटा शून्य.” त्यांनी तार पुन्हा झाकणाला जोडली, आणि दुसऱ्या एका तारेचे एक टोक झाकणाच्या स्क्रूला लावून दुसरे गाडीच्या पत्र्यावर घासले.

काटा उठला. अर्ध्याच्या किंचित खाली आला आणि थांबला.

गुणवंताने टाकीचे तोंड उघडले, पऱ्हाटीची काडी आत घातली, बाहेर काढली. ओल मधल्या खाचेच्या जरा खाली होती. काडी त्याने काट्याशेजारी धरली. पंचफुलाबाईंनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले.

“काडी अन् काटा सख्खे भाऊ निंघाले,” त्या म्हणाल्या.

पुंडलिकरावांनी जीप धरून गदागदा हलवली. काटा तिथल्या तिथे किंचित कचरला. “गुंडाळीबी मधी घासली हाय. अर्ध्याच्या जवळच जास्त वेळ चालते ना दांडी, तिथंच झिजते. ते बदलाच लागन. पन शून्याचं कारन ते नोहे. कारन हे.” त्यांनी टाकीला धरून ठेवणाऱ्या बोल्टवर पेचकस ओरखडला. हिरवे पापुद्रे उडाले. बोल्ट रंगवलेला, वायसर रंगवलेला, टाकी बसते ती पट्टीही खालून-वरून रंगवलेली. धातूला धातू कुठेच लागत नव्हता. खड्ड्यात आदळून कुठे एखादी खरचटलेली जागा टेकली, की काटा खरे बोलायचा. सुटली, की शून्य.

“टाकी काढून कोनं रंगवली?” पुंडलिकरावांनी विचारले.

खंडेनवमीला वाहनांची पूजा होते. त्याआधी जीप तळापासून रंगवून घ्यायची आज्ञा केशवरावांची होती. रंग देणारा रामाजी हा बैलगाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. तो सांगितले ते मनापासून करतो.

केशवरावांनी रुमाल काढून चेहरा पुसला. “रंग मारनं काही गुन्हा नाही.”

“नाही,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “गुणवंता, तुले ठाव होतं का काटा बिघडला म्हून?”

गुणवंताने केशवरावांकडे पाहिले आणि काडी पुसत राहिला. “सायबाले इचारा.”

दुसऱ्या दिवशी बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. आरोपीचा जबाब आधी ऐकावा असा संघाचा नियम होता. तो केशवरावांनीच कधीतरी आग्रहाने करून घेतला होता. पंचफुलाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आरोपी कोण हे नोटिशीत चुकले आहे, तेवढे दुरुस्त करून नियम पाळावा. हात वर झाले. सुधाकर दाराशी उभा होता. तो आधी निघून गेला. मग केशवराव उठले. टेबलावरची पऱ्हाटीची काडी त्यांनी उचलली आणि परत ठेवली. मग बोलले:

“दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी गुणवंतानं मले सांगितलं होतं, का साहेब, रंग मारल्यापासून काटा खाली-वर होऊन राहिला. मी त्याले म्हटलं, तू गाडी चालव, काटा मी पाहतो. ते मी नोटिशीत लिहिलं नाही. सुधाकर गाडीवर असता अन् काटा असाच खाली पडला असता, तर मी टाकी पाहिली असती. गुणवंता होता, म्हून मी टाकी पाहिलीच नाही.”