चिंचेखालचा थांबा

"तुझ्या त्या डबड्यामागं माझं पोर गेलं, नूरमोहम्मद! डबड्याला गिऱ्हाईक मिळालं, मला काय मिळालं?"

चाकणच्या एस.टी. स्टँडवर सकाळी नऊ वाजता मंजुळाबाईंचा आवाज असा चढला, की छपरावरचे कावळे उठून थेट मोशीला जाऊन बसले. खोटं वाटत असेल तर मोशीच्या कावळ्यांना विचारा.

नूरमोहम्मद चहाच्या टपरीत कपबशी विसळत होता. एस.टी. येण्याआधी पुणे ते मंचर त्याची स्वतःची सर्व्हिस मोटार धावायची आणि मंजुळाबाईंचा भिमा तिच्यावर क्लीनर होता. पुढं सरकारनं खाजगी मोटारी बंद केल्या. नूरमोहम्मदनं मोटार खांडव्याच्या एका शेठला विकली. "पोचती करून चार दिवसांत येतो," म्हणून सोळा वर्षांचा भिमा तिच्याबरोबर गेला. त्या चार दिवसांची आठ वर्षं झाली होती.

"वैनी, जरा माझं ऐक. त्या कार्डात..."

"कार्डाचं नाव काढू नगंस! पयली दोन वर्सं चार कार्डं आली, मग सुतक पडल्यावानी गप. आन् आता ह्ये इटारशीवरनं. 'बाजाराच्या दिवशी अकराच्या मोटारीनं येतो.' येतो! जसा काय परसाकडला गेला व्हता!"

बाकावर बसलेल्या गुळाच्या व्यापाऱ्यानं मान हलवली. ती त्याची चूक झाली. मंजुळाबाई त्याच्याकडे वळल्या.

"तुमीच सांगा. बाप मेला. तीन वर्सं झाली. ह्याच नूरमोहम्मदनं खांडव्याला कार्ड लिवलं. आलं का पोरगं? दहाव्याला घाटावर चुलत्याचा पोरगा बसला पिंड घिऊन. पोटचा लेक असताना! म्हातारा मरायच्या आदी तीन दिस दाराकडं बघत व्हता. उंबऱ्यावर पाय वाजला की म्हणायचा, 'भिमा का गं?' मी म्हणायची, 'न्हाई, शेळी.' अवो, शेळीला लेक म्हणायची येळ आणली माणसावर!"

"मग आता आल्यावर काय करणार?" व्यापाऱ्यानं घाबरत विचारलं.

"घराचा उंबरा चढू द्यायची न्हाई. म्हून तर हितं आले. घरी आला तर शेजारणी म्हंतील, 'जाऊ दे मंजुळे.' हितंच तोंडावर सांगणार, 'तुजा बाप तुज्याबिगर मेला, आता मीबी मेले समज.' आन् त्याच मोटारीत घालून लावून देणार."

"आणि ते फडक्यात काय बांधलंय?"

मंजुळाबाईंनी मांडीवरचं गाठोडं घट्ट धरलं. "भाकरी हाय. कुत्र्याला."

बाजरीची भाकरी, वर तिळाची चटणी आणि भिमाला आवडायचं तसं भाजलेलं वांगं. चाकणची कुत्री तेव्हा फार खाऊन-पिऊन सुखी असावीत.

नूरमोहम्मद चहा घेऊन आला. "वैनी, दोन घोट घे आन् माझी एकच गोष्ट..."

"तुज्या गोष्टी! तूच म्हणला व्हतास, 'पोरगं हुशार हाय, ड्रायव्हर व्हईल.' झाला न्हवं? आता गप!"

नूरमोहम्मदनं कपबशी तेवढी पुढं केली. चहा मात्र मंजुळाबाईंनी घेतला. राग कितीही असला तरी चहाचा अपमान करू नये.

दहा वाजता मंचरकडची गाडी गेली. साडेदहाला खेडची आली, तिच्या तापलेल्या इंजिनात ड्रायव्हरनं डबाभर पाणी ओतलं. दरवाजा उघडला की मंजुळाबाई उभ्या राहायच्या, पदर खोचायच्या, तोंड उघडायच्या; उतरणारा परका दिसला की पुन्हा खाली बसायच्या. स्टँडचे कंट्रोलर यशवंतराव फळ्यावर खडूनं वेळा लिहीत होते.

"बाई, अकराची पुण्याहून सुटली की शिवाजीनगर, भोसरी, मोशी करीत येते. फळ्यावर अकरा लिहिलंय म्हणून ती काही आकाशातून उडी मारणार नाही."

"नूरमोहम्मदची मोटार यायाची येळेवर!"

ती शुद्ध थाप होती. ती मोटार अकराची एकदा दुसऱ्या दिवशी आली होती. तरी त्या काळी मंजुळाबाई रोज अकराला गावाबाहेरच्या चिंचेखाली भाकरी घेऊन हजर असायच्या. भिमा टपावरून उडी मारायचा, उभ्या उभ्या भाकरी खायचा, पत्र्यावर दोन थापा मारायचा. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

अकरा वीसला गाडी आली. धुरळा बसला. टपावरून कोंबड्यांचा खुराडा उतरला, मेथीच्या जुड्या उतरल्या, आतून एक नवरदेव उतरला. भिमा उतरला नाही.

मंजुळाबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "माजा लेक कुठाय?"

"मावशी, सगळे उतरले," कंडक्टर म्हणाला.

"बाकाखाली बघ! कागदात बघ! सरकारचा माणूस हायेस न्हवं तू?"

यशवंतरावांनी सही करायला वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, मागितलं. कंडक्टरनं कातडी पिशवी मागं सारली आणि तिकिटांचे आकडे बोटानं धरून वाचले. "पुणे ते चाकण, नऊ. उतरले..." तो थांबला. "आठ. अरे हां! एक जण चिंचेपाशीच उतरला."

"तिथं थांबा नाही," यशवंतराव करवादले.

"मीही तेच म्हणालो, साहेब. स्टँड पुढं आहे म्हटलं. ऐकेना. घंटीच्या दोरीला हातही लावला नाही त्यानं. पत्र्यावर एक थाप मारली अन् आपल्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला! जुन्या सर्व्हिस मोटारीवरचा गडी तो, थाप ऐकली की पाय आपोआप पडतो. ट्रंक घेऊन उतरला. म्हणाला, आई इथंच येती."

सरकारच्या स्टँडला आठ वर्षं शिव्या घालणारी बाई आज मुकाट सरकारच्या फळ्यापुढं बसली होती, आणि पोरगं आपल्या जागेवर उतरलं होतं.

"बसला आसंल ऐटीत!" मंजुळाबाई कडाडल्या. "आईनं यावं चालत! थांब, बघतेच." गाठोडं काखेत मारून त्या निघाल्या.

नूरमोहम्मद हातातलं फडकं टाकून मागं धावला. रस्त्यावर त्यानं त्यांना अडवलं.

"वैनी, शिव्या दे, पण ऐक. ते कार्ड मी तुला वाचून दाखवलं, पण शेवटची ओळ गाळली. तुझ्यासमोर वाचवंना. सकाळधरनं सांगायला बघतोय."

"काय लिवलंय?"

त्यानं खिशातून कार्ड काढलं. "'आप्पांना साष्टांग नमस्कार. त्यांच्यासाठी वहाणा घेतल्या आहेत.'"

मंजुळाबाई उभ्या राहिल्या.

"शेठनं मोटार इटारशीला विकली आसंल. पोरगं तिच्यासंगं गेलं. आपलं कार्ड खांडव्यातच कुठं तरी पडलं. वैनी, आप्पा गेल्याचं त्याला ठावंच न्हाई."

सकाळपासून दोन तास, आणि त्याआधी तीन वर्षं, घासून धार लावलेलं एकेक वाक्य मंजुळाबाईंच्या तोंडात होतं. ते आता थुंकायला जागा नव्हती. त्यांनी नूरमोहम्मदकडे असं पाहिलं, की त्याला वाटलं, एक थोबाडीत बसली असती तर बरं.

"मुडद्या," त्या हळू म्हणाल्या, "आदी का न्हाई वाचलंस?"

आणि त्या एकट्याच पुढं चालू लागल्या.

चिंचेखाली काळी ट्रंक होती. तिच्यावर मिशा फुटलेला एक दांडगा बाप्या बसला होता. लांबून आई दिसताच तो उठला आणि ओरडला, "किती उशीर गं! भूक लागली! आप्पा न्हाई आले?"

मंजुळाबाई वाटेतच थांबल्या. त्यांनी कपाळ झाकेल असा पदर भुवयांपर्यंत ओढला, बांगड्यांविना मोकळे हात पदरात घेतले, आणि मग पावलं उचलली.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "आदी भाकरी खा."