नारळाच्या आधी द्यायचं पत्र

सांडपाण्याच्या कामावर दोन वर्षं काढली की नाकाला वासाची सवय होते म्हणतात. मला झाली. माणसांची मात्र झाली नाही.

मी दिपाली. धोंडप्पा मालकांच्या ठेकेदारीच्या ऑफिसात मी पत्रं लिहिते. सोलापूरच्या हद्दीबाहेर, मंद्रूपच्या बाजूला, सांडपाण्याची मोठी पाइपलाइन टाकायचं काम आमच्याकडे आहे. नकाशात लाइन ओढ्याच्या कडेनं, मऊ मातीतून जाते. एका शनिवारी सल्लागार कंपनीचे इंजिनिअर उदयसिंह घाडगे यांची सूचना आली, की ओढा सोडा, लाइन रस्त्याच्या मधून दोन मीटर जास्त खोल घ्या. तिथं खाली काळा पाषाण. ओढ्याकाठी कुणाचे प्लॉट पडणार होते ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि या सगळ्याला घाडगे साहेबांनी नाव काय दिलं, तर ‘नकाशाचं स्पष्टीकरण’. म्हणजे बदल नाहीच, जादा पैसे नाहीत, जादा दिवस नाहीत.

आमच्या करारात यावर औषध आहे. सूचना म्हणजे मूळ कामातला बदल आहे असं ठेकेदाराला वाटलं, तर तसं कारणांसकट लगेच लिहून द्यायचं, आणि ते काम सुरू करण्याच्या आधी द्यायचं. इंजिनिअरनं सात दिवसांत उत्तर दिलं नाही तर सूचना रद्द धरायची. ‘आधी’ या शब्दावर सगळा करार उभा आहे.

सोमवारी सकाळी मी पत्र तयार केलं. ‘ही सूचना आम्ही बदल मानतो. आमची हरकत आहे. खर्च आणि मुदतवाढ या दोन्हींवरचे आमचे हक्क राखून ठेवत आहोत.’ मालकांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

“उद्या देऊ. आधी साहेबाला फोन लावतो. एकदम पत्र दिलं की तोंड वाकडं होतंय त्यांचं.”

हेच मला सहन होत नाही. भांडायचं असतं, पण आधी चहा पाजून. फोन त्या दिवशी लागला नाही. संध्याकाळी मात्र मालकांनी माझ्यासमोर बसून दुसरा फोन लावला, साइटवरच्या बिरुदेव मुकादमाला.

“बिरू, बुधवारी अमावस्या हाय. उद्या सकाळीच रस्त्यावर नारळ फोडून घे. जेसीबीनं एक बकेट मारून ठिव, म्हंजी मुहूर्त चुकायचा न्हाय.”

आमच्याकडे अमावस्येला कुणी नवं काम काढत नाही. मी ते ऐकलं. नारळ म्हणजे काम सुरू, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नारळ फोडताना लहानपणापासून बघत आले, त्यात करार कुठून येणार!

मंगळवारी पावणेबाराला मी पत्र घाडगे साहेबांच्या ऑफिसात दिलं, आवक शिक्का घेतला, नंबर घेतला. दुपारी साहेबांचा फोन आला, पत्र मागे घ्या, आपण बसून बोलू. मालक तेव्हा ताठ होते. “आवक नंबर पडला की पत्र मागं जात न्हाय, साहेब,” म्हणाले. मला अभिमान वाटला त्यांचा. अजून आठवलं की स्वतःचीच चीड येते.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. सोबत एक फोटो. जेसीबीला झेंडूचा हार, खाली फुटका नारळ, रस्त्यात बकेटभर खड्डा, आणि हसणारा बिरुदेव. त्यानंच तो साइटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता, मंगळवारी सकाळी सव्वाआठला; त्या ग्रुपवर साहेबांची माणसंही होती. घाडगे साहेबांनी लिहिलं होतं, की काम सव्वाआठला सुरू, पत्र पावणेबाराला. सबब हरकत ग्राह्य नाही.

पाषाण फोडायला चार महिने जास्त लागणार होते. हरकत गेली म्हणजे खर्च आमचा आणि उशिराचा दंडही आमचाच.

बैठक घाडगे साहेबांच्या ऑफिसात झाली. साहेबांनाही काम पुढे सरकवायला हवं होतं, आणि नकाशात लाइन रस्त्यातून नाही हे त्यांनाही दिसत होतं. फक्त खापर फोडायला एक डोकं हवं होतं. ते म्हणाले, “तुमच्या माणसानं विनापरवानगी खड्डा मारला असेल, तर तो ठेकेदाराचा प्रारंभ नाही धरत मी. पण मग तसा माणूस साइटवर ठेवता येणार नाही. लेखी द्या.”

मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “त्यानं परस्परच केलं, साहेब. काढून टाकतो.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती फाशी टाइप करायला मी. केली मी टाइप. ‘सदर मुकादमाने कोणाचाही आदेश नसताना...’ हेही सराईतपणे लिहिलं.  खाली बिरुदेवची कबुली म्हणून सही हवी होती; त्यानं वाचलंही नाही, मालक म्हणाले म्हणून सही केली. मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, पुढच्या कामावर घेतो म्हणाले.

चार दिवसांत मंजुरी आली. सूचना म्हणजे बदल, हे मान्य. खर्च आणि मुदत मोजून ठरवू. ऑफिसात पेढे वाटले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी बिरुदेव आला. अकरा वर्षं मालकांकडे काम केलेला माणूस दारातच उभा राहिला.

“ताई, दुसऱ्या ठेकेदाराकडं गेल्तो. त्यो म्हणला, इंजिनिअरच्या कागदावर तुजं नाव हाय, न्हाय घेता येत. मालक फोन उचलंनात. ताई, म्या नारळ मालकांच्या सांगण्यावरनं फोडला न्हवं?”

“व्हय, बिरुदेव,” मी म्हणाले. “मी तिथंच होते.”

तो आत येऊन स्टुलावर टेकला. मग म्हणाला, “साहेबाचं ऐकायचं बी आनि मान्य बी न्हाय म्हणायचं, असलं पत्र तुमी मालकासाटी लिवलं की. मलाबी एक तसलं लिवून द्या.”

मी लिहिलं. माझ्या हातून झालेलं एवढंच एक पत्र मला किळस न येता वाचता येतं. ‘आपण सांगितले म्हणून मी काम सोडत आहे. माझी हरकत आहे. नारळ मी आपल्या सोमवार संध्याकाळच्या फोनवरून फोडला. कबुलीवरची सही न वाचता केली आहे. अकरा वर्षांच्या नोकरीवरचे माझे सर्व हक्क राखून ठेवत आहे. प्रत: उदयसिंह घाडगे.’ बिरुदेवनं सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. मग आमचाच आवक शिक्का मारला, वहीत नंबर टाकला, प्रत घाडगे साहेबांच्या ऑफिसात पोचती केली आणि मूळ पत्र मालकांच्या टेबलावर ठेवलं.

मालकांनी दोनदा वाचलं. प्रतीच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. नारळ मालकांच्याच हुकमानं फुटला हे घाडगेंना कागदावर कळलं म्हणजे आमची हरकत पुन्हा उघड्यावर, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

“दिपाली,” आवाज एकदम मऊ झाला. “घरातलं भांडण असं कागदावर आणतंय का कुनी? त्याला बोलाव, मी कामावर घेतो. हे तेवढं मागं घे, बाळ.”

मी आवकवही उघडून त्यांच्यापुढं सरकवली.

“नंबर पडलाय, मालक.”