हरलेली पैज

मुलांच्या तातडीच्या विभागातल्या धाकट्या डॉक्टरला सगळे ‘आ-डॉक्टर’ म्हणत, आणि तो ते मिरवत असे. पेशंटचं नाव विचारायच्या आधी हा घसा बघणार. “तुझ्या घशात बेडूक बसलाय का रे? बघू!” म्हटलं की कितीही हट्टी पोर तोंड उघडे आणि याची लाकडी काडी जिभेवर टेकलेली असे. मोठ्या सिस्टरने दोन वर्षांपूर्वी पैज लावली होती. ज्या दिवशी एखादं पोर ‘आ’ करणार नाही, त्या दिवशी डॉक्टरकडून सगळ्या विभागाला चहा. अजून तरी सिस्टर तोंडघशी पडत होत्या.

त्या दिवशी सकाळी दारातूनच भुंकण्याचा आवाज आला. आजीच्या कडेवर दीड वर्षाचा नातू खोकत होता आणि खोकला अगदी कुत्र्याच्या पिल्लासारखा. आजीचा आवाज त्याहून मोठा. “अहो, कुणी आहे का इथे? पोर गुदमरतंय माझं!”

सगळे तिकडे धावले. दोन दिवसांची सर्दी, थोडा ताप, बसलेला आवाज, रडलं की श्वास घेताना घर्र. क्रूप. “आजी, आवाजाच्या पेटीपाशी सूज आलीये. एक औषध पाजतो, काही तासांत फरक पडेल,” डॉक्टर म्हणाला. “याला रडवू नका, रडला की श्वास जास्त अडतो. म्हणून मीही याचा घसा बघत नाहीये.”

“आणि काय हो, चहा वाचवताय होय?” सिस्टरने टोला हाणलाच.

डॉक्टर हसत वळला, तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावरचे वडील त्याला दिसले. मांडीवर चार वर्षांची मुलगी. आरडाओरडा नाही, खोकला नाही. बिचारे वडील आपला नंबर यायची वाट बघत निमूट बसले होते. “आधी त्या बाळाचं होऊ द्या,” ते म्हणाले. “हिला फक्त ताप आहे. रात्री ठणठणीत होती, पहाटे फणफणली. पाणीसुद्धा गिळत नाही.”

“बेडूक!” डॉक्टर गुडघ्यावर बसला. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात काडी. “बघू ग, आ कर.”

मुलीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. वडील मदतीला आले. “थांबा, आडवी करून हात धरतो हिचे.”

काडी ओठांपासून चार बोटांवर होती, आणि पैज जिंकायची सवय वाईट असते. तेवढ्यात डॉक्टरच्या मनगटावर लाळ टपकली. मग त्याला सगळं एकदम दिसलं. मुलगी पुढे झुकून, दोन्ही हात टेकवून, हनुवटी पुढे काढून बसली होती. तोंड उघडंच होतं. लाळ गिळता येत नव्हती, म्हणून ओघळत होती. श्वासाला बारीकशी घरघर. भुंकणारं पोर नव्हे, हे गप्प पोर मरणाच्या दारात होतं.

डॉक्टरने काडी सावकाश खिशात घातली.

“आडवी करू नका,” तो अगदी हळू म्हणाला. “अशीच बसू द्या, तुमच्याच मांडीवर. लसी सगळ्या झाल्यात? एका लसीने हा आजार बहुधा टळतो.”

“घर बदललं तेव्हा काही राहिल्या…”

सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्याने मान हलवली. “सुई नको. एक्स-रे नको. तिला रडवायचं नाही. श्वासनळीवरचं झाकण सुजलंय. घशात काही घातलं, नाहीतर ती रडली, तरी वाट बंद होईल. भूलतज्ज्ञांना आणि घशाच्या सर्जनना बोलवा. सगळ्यात अनुभवी असतील ते. ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगा.”

सिस्टरने ट्रे ठेवला आणि फोन उचलला. ती बिचकू नये म्हणून वडिलांनी ऑक्सिजनची नळी तिच्या नाकापासून जरा लांब धरली. आजीनेही आवाज गिळला, आणि तिच्यासाठी ते सोपं नव्हतं.

वरात निघाली. चाकाच्या खुर्चीत वडील, मांडीवर ताठ बसलेली मुलगी, बाजूने हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी आणि सगळं साहित्य घेतलेले डॉक्टर नि सिस्टर. थिएटरमध्ये वडिलांच्या मांडीवरच तिला भुलीच्या वायूने हळूहळू झोपवलं. सर्जन गळ्याला छेद द्यायच्या तयारीत उभे होते, पण ती वेळ आली नाही. श्वासासाठीची नळी घशातून आत गेली. मगच सुई, मगच अँटिबायोटिक.

“झाकण चेरीसारखं लालबुंद,” भूलतज्ज्ञ बाई बाहेर येऊन म्हणाल्या. “नळी कशीबशी गेली. खाली विभागातच काडी घातली असतीस तर मला बोलवायची वेळच आली नसती.”

डॉक्टर भिंतीला टेकून उभा राहिला. मग तो खाली आला आणि स्वतःहून म्हणाला, “सिस्टर, हरलो. सगळ्यांना चहा.”

“दोन वर्षं वाट बघितली,” सिस्टर म्हणाल्या, “आणि आज जिंकल्याचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.” आता बरं वाटू लागलेल्या नातवाला घेऊन निघालेल्या आजीलाही कप मिळाला.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. आठवड्याने घरी निघताना मुलगी वडिलांचा हात सोडून डॉक्टरपुढे येऊन उभी राहिली, आणि कुणी न सांगता तिने भलंमोठं तोंड उघडलं.

“आऽऽऽ! बघ ना, बेडूक गेला का?”

डॉक्टरने टॉर्च पेटवला. पण डोळे भरून आल्यामुळे त्याला काहीच दिसलं नाही.

“गेला,” तो म्हणाला.