चाचणी क्रमांक सात

परभणीच्या एका कॉलेजात त्या दिवशी कॉम्प्युटर सायन्सच्या प्रोजेक्टची परीक्षा होती. निकिता मॅडमना तासिका तत्त्वावर लागून जेमतेम वर्ष झालेलं. समोर बसलेले चंद्रभान सर बाहेरगावचे परीक्षक, वीस वर्षं मुरलेले. गुणपत्रकावर दोघांच्याही सह्या लागणार होत्या.

सरांनी दीपिकाच्या रिपोर्टातल्या एका पानावर बोट आपटलं. "सातव्या चाचणीपुढं पोरीनं स्वतःच 'फेल' लिहिलंय! तिच्याच वर्गातल्या मल्हारच्या बाराही चाचण्या पास. रिपोर्टाचे त्याला वीसपैकी अठरा. हिला पाच."

निकितानं रिपोर्ट आपल्याकडं ओढला. दीपिका पालमकडची, घरी शेळ्या. शेळी भरवल्याची, म्हणजे बोकड दाखवल्याची, तारीख टाकली की दीडशे दिवस मोजून व्यायची तारीख सांगणारा तिचा प्रोग्राम. व्यायची तारीख साठवून न ठेवता दरवेळी नव्यानं का मोजली, हेही तिनं लिहिलं होतं: भरवल्याची तारीख दुरुस्त केली, तर साठवलेली जुनीच राहील. मल्हारनं डेटाबेस का निवडला, तर 'तो प्रसिद्ध आहे म्हणून'.

पण फेल ते फेलच. तिनं सातवी ओळ पुन्हा वाचली. ३१ जानेवारी २०२४. अपेक्षित उत्तर ३० जून. आलेलं २९ जून. शेरा: 'कारण सापडलं नाही.'

तिनं दीपिकाला आत बोलावलं. "हे अपेक्षित उत्तर कसं काढलंस?"

"आजीसोबत बोटावर मोजलं, मॅडम. मैत्रिणी म्हनल्या, पास लिहून टाक. पन आलं न्हाई ते कसं लिहू?"

"आता मोज."

दीपिका मोजू लागली. फेब्रुवारीपाशी बोट थबकलं. "मॅडम... त्या साली फेब्रुवारी एकोणतीसचा. प्रोग्राम बरोबर हाय. मीच चुकले."

ती बाहेर गेल्यावर सर खुर्चीत मागे रेलले. "मग द्या तिला अठरा."

"नाही सर." निकितानं रिपोर्ट त्यांच्यापुढं ठेवला. "चूक कुठं झाली ते तिनं आत्ता सांगितलं, त्याचे गुण तोंडी परीक्षेचे. रिपोर्टात ते नाही. पण अपेक्षित काय, आलं काय, स्क्रीनचे फोटो, न जुळलेलं न लपवणं, हे सगळं आहे. माझे चौदा. पाच देणं अन्याय, अठरा देणंही."

सरांनी पेन खाली ठेवलं. बाहेर पुढच्या पोरांची कुजबुज वाढली होती. तासिकेवरची बाई परीक्षकाशी वाद घालते, असं उद्या प्राचार्यांच्या कानावर गेलं तर?

"मल्हारचा रिपोर्ट आणा इकडं," सर शेवटी म्हणाले. पानं उलटली. बाराही ठिकाणी 'अपेक्षित' आणि 'आलेलं' या दोन्ही रकान्यांत शब्दशः तेच वाक्य, कुठली माहिती टाकून तपासलं याचा पत्ता नाही, एक फोटो नाही.

"इथं तपासलंय काय?" सर स्वतःशीच पुटपुटले. अठरा खोडून त्यांनी सहा लिहिले, दीपिकापुढं चौदा, खाडाखोडीशेजारी सही केली आणि कागद तिच्याकडं सरकवला.

"तुमचीही करा, मॅडम. आणि पुढच्याला बोलवा."