रांग चौदा

अट एक
एक शिक्षक एका तासाला फार तर एका वर्गात.

अट दोन
एका वर्गात एका तासाला फार तर एक शिक्षक.

अशा पाच ओळींपायी मुख्याध्यापक वैरागडे सर माझ्यावर तीन दिवस चिडून होते.

मी मोनाली, गणित शिकवते. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत आठवी ते दहावीच्या प्रत्येकी दोन तुकड्या आहेत, म्हणजे सहा वर्ग. यंदा संस्थेने ठरवलं, वेळापत्रक संगणकावर करायचं आणि गुरुवारच्या सरकारी तपासणीआधी फलकावर लावायचं. काम माझ्यावर आलं. मी कागद बाजूला ठेवला. शिक्षक, वर्ग, विषय आणि तास यांच्या प्रत्येक जोडणीसाठी एक चौकोन केला. चौकोनात एक म्हणजे तो तास त्या शिक्षकाचा. शून्य म्हणजे नाही. तिसरं काही लिहायची सोयच नाही.

मग वर लिहिलेल्या दोन अटी घातल्या. तिसरी अट अशी की प्रत्येक वर्गाला आठवड्यात गणित-विज्ञानाचे बारा तास मिळालेच पाहिजेत. चौथी, एका शिक्षकाला तीसपेक्षा जास्त तास नाहीत.

संगणकाने दोन सेकंदात सांगितलं: उत्तर नाही.

सोमवार

"मागच्या वर्षी बसलं होतं नं, मॅडम? मग आत्ताच काऊन नाई बसून राह्यलं?"

"सर, सहा वर्गांना बारा-बारा म्हणजे बहात्तर तास. गणित-विज्ञानाचे आम्ही दोघंच, मी आणि रत्नदीप सर. दोघांचे मिळून साठ."

"मंग सदाशिवरावले कुठं टाकलं?"

सदाशिवराव सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांची जागा भरलेली नाही. मी कपाटातून मागच्या वर्षीचं हाताने केलेलं वेळापत्रक काढलं. शिक्षकांच्या यादीत चौदाव्या रांगेत त्यांचं नाव होतं, सुबक अक्षरात. त्यांच्या नावावर बारा तास. सहा गणित, सहा विज्ञान.

बाराच्या बारा दहावी ब चे.

दहावी ब मध्ये खेड्यांतून एसटीने येणारी मुलं बसतात. दहावी अ गावातली. मार्चच्या परीक्षेत ब ची अकरा मुलं गणितात नापास झाली तेव्हा याच वैरागडे सरांनी निकालाच्या नोंदीत लिहिलं होतं, "पाया कच्चा." मीही निकालाच्या त्या बैठकीत होते. मान हलवली होती. माझ्याकडे अ होता आणि अ चा निकाल चांगला लागला होता.

"रांग चौदा टाका न्‌ मोकळे व्हा," सर म्हणाले. "कागदावर शिक्षक दिसला पाह्यजे. संगणकाले काय मालूम माणूस आहे का नाई?"

हे खरं होतं. मी रांग चौदा घातली आणि संगणकाने आनंदाने पूर्ण वेळापत्रक दिलं. एकही धडक नाही. रिकाम्या खुर्चीची कुणाशी धडक होणार?

मंगळवार

दहावी ब ची समीक्षा जिन्यात भेटली. ती यंदा नववीतून ब मध्ये आलेली.

"मॅडम, गणिताले कोण येणार आहे आमाले?"

"ठरायचं आहे."

"सदाशिवराव सरच असतील तर मी दुपारची एसटी पकडत जाईन. माह्या ताईनं तसंच केलतं."

ती रागावली नव्हती. बसची वेळ विचारावी तसं बोलत होती. राग मलाच आला, आणि तो उतरेना.

वर्गात गेले नाही. आधी संगणकाच्या खोलीत गेले. रांग चौदा काढून टाकली. प्रत्येक वर्गासाठी एक नवा आकडा घातला: किती तास रिकामे. शिकवलेले अधिक रिकामे म्हणजे बारा. रिकामे शक्य तितके कमी ठेवायचे. आणि

अट पाच
कोणत्याही दोन वर्गांच्या रिकाम्या तासांत एकापेक्षा जास्त फरक नाही.

आता उत्तर आलं. सहा वर्ग, प्रत्येकी दोन तास रिकामे. आठवी अ, आठवी ब, नववी अ, नववी ब, दहावी ब.

आणि दहावी अ.

रिकाम्या चौकोनांत मी "शिक्षक नाही" असं लिहिलं, छापलं, फलकावर लावलं. खाली वेळापत्रक प्रमुख म्हणून माझी सही.

बुधवार

संस्थेचे सचिव अण्णाजी सहसा शाळेत येत नाहीत. बुधवारी प्रार्थनेच्या आधीच आले. त्यांचा नातू ऋतिक दहावी अ मध्ये आहे.

"दहावीच्या वर्गाले मास्तर नाई, असं बोर्डावर लिवलं तुमी?"

"दोन वर्षांपासून नाही, अण्णाजी. फक्त लिहिलं नव्हतं."

"अ मंधी कवा नव्हता?"

वैरागडे सर खिडकीकडे बघत होते.

"मॅडम, अ चे दोन तेवढे भरून टाका," सर हळूच म्हणाले. "बाकीचं पाहू मंग."

"भरते. अ चे दोन भरले की त्या दोन तासांची रिकामी जागा दुसऱ्या कुणाच्या माथी जाईल. कुणाच्या, ते सांगा."

"ब च्या."

"तोंडी नको, लिहून द्या. हाताने वेळापत्रक करा आणि खाली सही तुमची करा. उद्या तपासणीला मी माझं वेळापत्रकही दाखवीन."

"धमकी देऊन राह्यल्या का?"

"हो," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही.

तेवढ्यात काजल मॅडम आत आल्या. अण्णाजींची सून. हजेरीपटावर विज्ञान शिक्षिका, पण दिवसभर कार्यालयात. त्यांच्या हातात मी वेळापत्रकासोबत छापलेला, कोणता शिक्षक कधी तास घेऊ शकतो ते दाखवणारा तक्ता होता.

"मामंजी, यात माह्या रांगेत सगळे शून्य आहेत. हे कोणी टाकले?"

"मी," वैरागडे सर म्हणाले. "तुमी हाफिसात असता न, म्हणून."

"मले कोणी विचारलं?"

आठवड्याचे पंचेचाळीस तास, पंचेचाळीस शून्य. मलाही त्यांना विचारावंसं वाटलं नव्हतं. सचिवांची सून, एवढं ऐकून मी ती रांग बंद मानली होती.

अण्णाजींनी खुर्ची ओढली. "सूनबाईले दोन तास द्या. ऋतिकच्या वर्गात."

"दोनने नाही होत. अ ला शून्य रिकामे हवे असतील, तर बाकी पाच वर्गांत प्रत्येकी फार तर एक राहू शकतो. म्हणजे सगळे मिळून पाच. आज बारा आहेत. काजल मॅडमना किमान सात घ्यावे लागतील."

"कोण म्हणते असं?"

"अट पाच."

"ते अट काढून टाका."

"मग मीही निघते. उद्या तपासणीला तुम्ही समजावून सांगा."

अण्णाजींनी सुनेकडे पाहिलं, सुनेने तक्त्याकडे.

"सात," ते म्हणाले. "वर एक नाई."

"बारा मले जमतात," काजल मॅडम म्हणाल्या.

"सात म्हटलं न मी."

गुरुवार

सदुसष्ट तास भरले. पाच रिकामे. दहावी अ मध्ये शून्य, बाकी प्रत्येक वर्गात एक.

सकाळी वैरागडे सर पेन घेऊन फलकापाशी आले. "पाचच तर आहेत, मॅडम. सदाशिवरावचं नाव टाकून देऊ. तपासणी झाली की खोडू."

मी मधे उभी राहिले. त्यांना हात लावायची माझी हिंमत नव्हती, पण बाजूलाही झाले नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"पुढच्या वर्षी तुमच्याकडं हे काम नसणार."

"माहीत आहे."

ते गेले. पाच चौकोनांत "शिक्षक नाही" तसंच राहिलं. त्यातला एक दहावी ब चा, शुक्रवारी शेवटचा तास.

तिसऱ्या तासाला काजल मॅडम जिना चढून दहावी ब मध्ये शिरल्या. बाकं सरकल्याचा आवाज आला. मी माझ्या वर्गाकडे निघाले. वाटेत समीक्षा फलकासमोर उभी दिसली, बोटाने शुक्रवारचा रकाना मोजत.

"हा एक काऊन राह्यला, मॅडम?"

"तुझा तास सुरू झाला," मी म्हटलं. "आधी वर जा. मग मला पुन्हा विचार. तपासणीवाले असतील तेव्हा, सर्वांसमोर विचार."