थव्याचे आकाश

लाखनीला महामार्गालगत, ट्रकांच्या धुळीने सदैव माखलेल्या दुकानांच्या ओळीत इश्वरचे छायाचित्रालय होते. लग्नकार्यांवर त्याचा चरितार्थ चाले. परंतु जीव रमे तो निसर्गचित्रणात. डिसेंबरातील एका प्रातःकाळी त्याने गावाबाहेरच्या तलावाचे छायाचित्र टिपले. बांध, मोहाचे झाड, स्थिर जल, सर्व मनाजोगे उतरले. मात्र धुक्यामुळे आकाश चुना फासलेल्या भिंतीसारखे पांढरेफटक आले.

तेव्हा इश्वरने संगणकावर ते आकाश निवडून झाकले आणि इंटरनेटवरून उतरविलेले केशरी आकाश त्या जागी बसविले. मोहाच्या फांद्यांभोवती उरलेली पांढरी कड त्याने तासभर खपून पुसली. बांधाच्या मातीलाही किंचित केशरी छटा दिली. त्या परक्या आकाशात पक्ष्यांचा एक थवा आयताच होता. शोभा वाढते म्हणून त्याने तो राहू दिला.

चित्र दुकानाच्या भिंतीवर लागले. गिऱ्हाइके वाहवा करीत. इथवर कोणाचे काही बिघडले नव्हते.

जानेवारीत गुंजन नावाची शिक्षिका ओळखपत्राचा फोटो काढण्यास आली. तालुक्यातील तलावांवरील आणि शेतांतील पक्ष्यांची गणना ती करीत असे; इश्वरने टिपलेला एखादा पक्षीही तिच्या नोंदीत जाई. चित्रापाशी ती थबकली.

"इश्वरभाऊ, हा आपलाच तलाव ना? कधीचा फोटो?"

"डिसेंबरातला, ताई. तारीखही सांगतो."

तिने बोटाने थव्यातील पक्षी मोजले. "एकेचाळीस भरतात! हंसाच्या जातीचे दिसतात. तुम्ही डोळ्यांनी पाहिले?"

खरे सांगण्याचा क्षण तोच होता. परंतु तिच्या मुखावरील आनंद पाहून इश्वरला मोठा मान मिळाल्यासारखे वाटले. "पाहिले ना, ताई," तो बोलून गेला. गुंजनने वहीत तलावाचे नाव, तारीख आणि एकेचाळीस हा आकडा लिहून घेतला.

आठवड्याभराने कवडू दुकानात शिरला. हा ढिवर गृहस्थ त्याच तलावात मासेमारी करून कुटुंब पोशी.

"काहून गा इश्वर, एवढी पाखरं कोठून आणलीस?"

"काय झालं, कवडूभाऊ?"

"काय झालं म्हणते! ताईनं तुह्या फोटोतल्या पाखराईचा आकडा पंचायतीत देल्ला. पाखरं बिचकू नये म्हणून फेब्रुवारी सरेपर्यंत जाळं बंद करा म्हणून राहिले. उद्या पंचायतीत ठराव आहे. दीड-दोन महिने काय माह्या पोराईले तुहा फोटो चाटाले देऊ?"

कवडू चित्राजवळ गेला.

"रोज पहाटे मी डोंग्यात असतो. मले एक पाखरू नाही दिसलं अन् तुले एकेचाळीस! अन् पाण्यात पाह्य गा. वरतं सारं केशरी, खालतं पाणी पांढरं. हे पाखरं उडून राहिले, तं त्याईची सावली कोणं खाल्ली?"

इश्वरने पाहिले. खरोखरच पाण्यात अजून तेच धुकट आकाश होते. आपल्या कामात चूक राहिली, हा विचार त्याच्या मनात प्रथम आला, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. पाणीही केशरी केले असते, तर ही लबाडी कवडूलाही पकडता आली नसती. भिंतीवर जो शृंगार होता, तोच तारखेसह वहीत जाताच खोटी साक्ष झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन पंचायतीत गेला. गुंजनसह सर्वांसमक्ष त्याने फाइल उघडली. आकाशाचा थर वेगळा होता. तो दाखविणारी-लपविणारी, त्यापुढील डोळ्याची खूण दाबताच केशरी रंग आणि थवा दोन्ही नाहीसे झाले. पांढरे धुके तेवढे उरले.

"ताई, मी पाहिले म्हणालो, ते खोटं होतं."

"वा रे बहाद्दर!" कवडू गरजला. "एका बोटानं एकेचाळीस पाखरं उडवली!"

सभा खदखदून हसली. ठराव बारगळला. गुंजन तेवढी हसली नाही. तिने एकेचाळीस खोडून शून्य लिहिले.

"शून्य हीही नोंदच असते, भाऊ," ती हळूच म्हणाली. मग तिने पाने उलटली. "नोव्हेंबरात तुम्ही आसगावच्या धानाच्या बांधीतल्या सारस जोडीचा फोटो दिला होता. त्याचंही आकाश बदललं?"

"बदललं. पण जोडी खरी होती, ताई! धानात उभी होती."

"मूळ फोटो दाखवा."

इश्वरने लॅपटॉपवरील फाइलींची यादी चाळली. त्या वेळी त्याने बदललेले चित्र मूळ फाइलवरच साठविले होते, आणि कॅमेऱ्याचे कार्ड लग्नसराईत केव्हाच पुसले गेले होते.

"नाही उरला," तो म्हणाला. "पण माझ्यावर विश्वास..."

गुंजनने पट्टी काढली. सारसांच्या नोंदीवर ती सावकाश, सरळ रेघ ओढू लागली, आणि रेघ पुरी होईपर्यंत इश्वर तेथेच उभा राहिला.