टोपीखालचा कान

मास्तरांना किडनी बसवून अकरा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली, "किडनी झकास!" म्हणाले आणि चालते झाले. तपासणीच्या खोलीत नेहमी असणाऱ्या सिस्टरला शिसारी आली. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांपायी मास्तरांना मधुमेह जडला, हाडं ठिसूळ होऊन मनगट मोडलं, पण ह्या डॉक्टरांचं आपलं किडनीपुराण चालूच!

मास्तरांनी कान खाजवला, तेव्हा त्यांच्या टोपीच्या कडेवर तिला रक्ताचा डाग दिसला. तिने टोपी काढायला लावली. कानाच्या वरच्या कडेला खपली धरलेली, कडक गाठ होती.

"कधीपासून आहे हे?"

"वर्ष झालं असेल. ह्या गोळ्यांनी कातडीचा कॅन्सर होऊ शकतो, असं सुरुवातीला सांगितलं होतं खरं. पण नंतर कुणी टोपी काढा म्हटलंच नाही, सिस्टर."

"आजच तुकडा काढून तपासायला पाठवू."

दरवर्षी अंगभर त्वचा बघायचीच, असा नियम होता. कोणत्या हलकटाने तो धाब्यावर बसवला ते बघायला तिने तणतणत फाईल उघडली. 'त्वचा तपासली' ह्या रकान्यात गेली सहा वर्षं न चुकता बरोबरची खूण होती. प्रत्येक खुणेशेजारी सही तिचीच होती.